ग्रुप स्टडीच्या रेकॉर्डिंगवरून कन्सेप्ट शीट: न आलेल्या मैत्रिणीपर्यंत धडा कसा पोचवायचा

ग्रुप स्टडीला जी आली नाही तिला आपण रेकॉर्डिंग पाठवतो आणि मोकळे होतो. पावणेदोन तासांचं ते ऑडिओ ती उघडते, पहिली दहा मिनिटं चहा कुणी करायचा यावरची भांडणं ऐकते आणि बंद करते. यात तिचा काही दोष नाही. ते बोलणं तिथे बसलेल्यांसाठी होतं. समोर वही होती, बोटं कागदावर फिरत होती, अर्धं वाक्य बोललं तरी कळत होतं. यातलं काहीच ऑडिओत उतरत नाही.

म्हणून रेकॉर्डिंगवरून एका कागदाची कन्सेप्ट शीट करायची. कशी, ते एका खऱ्या धड्यावर दाखवतो. धडा बारावीच्या केमिस्ट्रीतला पाचवा, इलेक्ट्रोकेमिस्ट्री. त्यातही झिंक-कॉपरचा डॅनियल सेल आणि सांद्रतेवरून त्याचं व्होल्टेज काढायचं नर्न्स्ट समीकरण एवढाच भाग. बसलेले चौघं, सोलापुरात अशोक चौकाच्या मागे एकाच्या घरी. पाचवी मैत्रीण घरच्या लग्नासाठी अक्कलकोटला. रेकॉर्डिंग १ तास ४२ मिनिटांचं.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. शीट म्हणजे बोलण्याचा सारांश नाही. कोण काय म्हणालं, आधी काय झालं, नंतर काय झालं, हे तिला नको आहे. तिला दोनच गोष्टी हव्यात: शेवटी बरोबर काय ठरलं, आणि तिथे पोचताना आपण कुठे अडकलो. दुसरी गोष्ट पुस्तकात मिळत नाही. तीच शीटची खरी कमाई.

कानात घालण्याआधी

ग्रुपवर एक मेसेज टाका: "रेकॉर्डिंगवरून शीट करतोय, चालेल ना?" सगळे हो म्हणतील, पण विचारलेलं बरं. दोन तासांत माणसं घरच्या, सरांच्या, क्लासच्या फीच्या गोष्टीही बोलतात. शीटवर कुणाचंही नाव येणार नाही हेही सांगून टाका. "अमक्याने चुकीचं सांगितलं" असं एकदा कागदावर आलं की पुढच्या वेळी तो रेकॉर्डिंग सुरू असताना तोंड उघडत नाही.

मग जिच्यासाठी शीट करायची तिला एक फोन. "तुला काय काय येतं?" असं विचारू नका, उत्तर "काहीच नाही" असंच येईल. नेमकं विचारा: रेडॉक्स झालंय का? अर्ध-अभिक्रिया लिहिता येते का? लॉग काढता येतो का? आमच्या बाबतीत रेडॉक्स आणि लॉग दोन्ही येत होतं, सेल अजिबात नव्हता. या एका फोनने शीटची एक तृतीयांश जागा वाचली, कारण ऑक्सिडीकरण म्हणजे काय ते पुन्हा लिहायची गरज उरली नाही.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बसलेल्या सगळ्यांकडून कच्च्या वहीच्या पानांचे फोटो मागवा. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी ते पान फाटलेलं असतं किंवा त्यावर मॅथ्सची गणितं झालेली असतात. फोटो कशाला लागतात ते पुढे येईलच.

पहिली ऐकणी: फक्त नकाशा

पहिल्यांदा दीडपट वेगाने सलग ऐका. इयरफोन लावून. पूर्व भागातल्या घरात रेकॉर्ड केलेलं असेल तर मागे यंत्रमागाची खटखट असणारच, त्यात पंखा. स्पीकरवर ऐकलं तर हळू बोलणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात, आणि हळू बोलणारा बऱ्याचदा बरोबर असतो. (पुढच्या वेळेसाठी: फोन टेबलावर थेट ठेवू नका, खाली घडी घातलेला टॉवेल घ्या. टेबलावर पेन आपटलं की त्याचा धक्का माइकला लागतो, तो थांबतो. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.)

या ऐकणीत शब्द उतरवायचे नाहीत. मोह होतो, पण उतरवायला लागलात की दहा मिनिटांच्या ऑडिओला चाळीस मिनिटं जातात आणि विसाव्या मिनिटाला तुम्ही सोडून देता. फक्त वेळ आणि विषय लिहा. समोर एक अक्षर: स म्हणजे समजावणं, वा म्हणजे वाद, ग म्हणजे गणित, फा म्हणजे फालतू. आमचा नकाशा साधारण असा निघाला:

००:०० फा चहा, लग्न, क्लासची टेस्ट
११:२० स डॅनियल सेल, कोणता धातू कुठे
२४:१० वा अ‍ॅनोड धन की ऋण
३६:०० स सॉल्ट ब्रिज कशाला
५२:३० ग E° सेल काढणं
६४:०० ग नर्न्स्ट, उत्तर १.१६
७८:१५ वा पुन्हा अ‍ॅनोड
८७:०० फा आणि थोडी उजळणी

बघितल्यावर लगेच कळतं की ऐकण्यासारखा भाग तासाभराचा आहे आणि लक्ष देऊन ऐकण्यासारखा वीस-पंचवीस मिनिटांचा. दुसऱ्यांदा तेवढाच ऐकायचा.

नकाशात 'वा' कुठे येतं ते नीट बघा. एकच वाद दोनदा आला असेल, तर पहिल्या वेळी तो सुटला नव्हता. चौघं दोनदा जिथे अडकले तिथे पाचवीही अडकणार. शीटवर सगळ्यांत जास्त जागा त्याला.

दुसरी ऐकणी: 'इकडे' म्हणजे कुठे?

आता निवडलेले तुकडे नेहमीच्या वेगाने ऐका. इथे पहिली खरी अडचण येते. ऑडिओ असं असतं: "हे बघ बे, हा इकडून सुटतो, इकडे येतो, मग हे वाढतं, म्हणून ते इक्कड जातं." आमच्या ग्रुपमध्ये घरी तेलुगू बोलणारे दोघं, कन्नड बोलणारी एक. त्यामुळे 'इकडे', 'इक्कड' आणि 'इल्लि' तिन्ही एकाच मिनिटात येतात आणि तिन्ही वेळा बोट कुठे होतं ते कळत नाही.

वहीच्या फोटोंचा उपयोग इथे. फोटो समोर ठेवा, ऑडिओ लावा आणि प्रत्येक 'हे', 'ते', 'इकडे'च्या जागी नाव भरा. वरचं वाक्य असं होतं: इलेक्ट्रॉन झिंकवरून सुटतो, तारेतून कॉपरवर येतो, झिंकच्या बाजूला Zn²⁺ वाढतात, म्हणून सॉल्ट ब्रिजमधले ऋण आयन झिंकच्या बाजूला जातात.

एखाद्या 'इकडे'ला नाव सापडलंच नाही तर अंदाजाने भरू नका. बोलणाऱ्याला फोन करा. डावं-उजवं बदललं की या धड्यात सगळंच उलटं होतं. त्यात आकृती कुणी कशीही काढलेली असते. आमच्यात एकाने कॉपर डावीकडे काढला होता, बाकीच्यांनी झिंक. शीटवर एकच पद्धत ठेवा, पुस्तकातली: अ‍ॅनोड डावीकडे, कॅथोड उजवीकडे. आकृती नसली तरी सेल एका ओळीत असा लिहिता येतो:

```
Zn(s) | Zn²⁺(1 M) || Cu²⁺(0.01 M) | Cu(s)
```

एक उभी रेघ म्हणजे धातू आणि द्रावणाची सीमा, दोन रेघा म्हणजे सॉल्ट ब्रिज. ही ओळ शीटच्या वरच्या बाजूला मोठी लिहा. बाकी सगळं तिच्याकडे बोट दाखवून सांगता येतं, आणि या वेळी बोट कुठे आहे ते कागदावर दिसतं.

तपासणी: सगळे 'हो' म्हणाले याला काही अर्थ नाही

माझ्या मते बहुतेक शीट इथे फसतात. रेकॉर्डिंगमध्ये जे मोठ्याने, ठामपणे आणि शेवटी बोललं गेलं ते बरोबर समजून उतरवलं जातं. पण ग्रुपमध्ये शेवटचं वाक्य बऱ्याचदा सगळे कंटाळले म्हणून शेवटचं असतं. म्हणून प्रत्येक विधान पुस्तकाशी ताडायचं. या एका रेकॉर्डिंगमध्ये तीन वेगवेगळ्या जातीच्या चुका होत्या आणि तिन्ही ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत.

पहिली जात: दोघंही बरोबर, पण वेगळ्या गोष्टींबद्दल. २४ व्या मिनिटाचा वाद घ्या. एक म्हणतो अ‍ॅनोड धन असतो, खालच्या इयत्तेपासून तेच शिकलोय. दुसरी म्हणते अ‍ॅनोड ऋण, पुस्तकात समोर लिहिलंय. दहा मिनिटं हेच. मग कुणीतरी "जाऊ दे, ऋण लिहा" म्हणतं.

खालच्या वर्गात आपण विद्युत अपघटन शिकतो. तिथे बाहेरून बॅटरी जोडलेली असते आणि अ‍ॅनोड बॅटरीच्या धन टोकाला लावलेला असतो. डॅनियल सेल स्वतःच वीज तयार करतो. तिथे झिंकवर ऑक्सिडीकरण होऊन इलेक्ट्रॉन मागे राहतात, म्हणून झिंक, म्हणजे अ‍ॅनोड, ऋण. दोघं वेगवेगळ्या सेलबद्दल बोलत होते. दोन्ही ठिकाणी खरी असणारी गोष्ट एकच: अ‍ॅनोडवर ऑक्सिडीकरण, कॅथोडवर क्षपण.

शीटवर नुसतं "अ‍ॅनोड = ऋण" लिहिलं असतं तर डॅनियल सेलपुरतं चाललं असतं आणि त्याच धड्यातल्या विद्युत अपघटनाच्या भागात ती मैत्रीण आपटली असती. म्हणून कुठलाही वाद लांबला की आधी विचारा, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का? खूण अशी की दोघंही पुस्तकाचा किंवा सरांचा दाखला देतात आणि दोघांचेही दाखले खरे असतात.

दुसरी जात: अर्धवट बरोबर वाक्य. सॉल्ट ब्रिजबद्दल ३७ व्या मिनिटाला एक म्हणतो, "त्यातून करंट पूर्ण होतो." कुणी हरकत घेत नाही. वाक्य चूक नाही, पण ऐकणारीच्या डोक्यात इलेक्ट्रॉन सॉल्ट ब्रिजमधून फिरायला लागतात. तसं होत नाही. इलेक्ट्रॉन फक्त तारेतून जातात. ब्रिजमधून आयन जातात. झिंकच्या बाजूला Zn²⁺ वाढतात म्हणून तिकडे ऋण आयन येतात. कॉपरच्या बाजूचे Cu²⁺ कमी होतात आणि सल्फेट उरतं, म्हणून तिकडे धन आयन जातात. ब्रिज काढला की दोन्ही भांड्यांत भार साचायला लागतो आणि प्रवाह जवळजवळ लगेच थांबतो.

असं वाक्य ओळखायची युक्ती म्हणजे त्यातल्या क्रियापदाला "काय?" विचारणं. पूर्ण होतो म्हणजे काय होतं? काय जातं, कुठून, कुठे? तीन प्रश्नांना रेकॉर्डिंगमध्ये उत्तर नसेल तर ते पुस्तकातून भरायचं.

तिसरी जात सगळ्यांत धोकादायक: सगळ्यांचं एकच चुकीचं उत्तर. ६४ व्या मिनिटाला गणित आलं. वर लिहिलेला सेल, २५ अंश सेल्सिअस, व्होल्टेज काढा. E°, म्हणजे दोन्ही सांद्रता १ M असतानाचं व्होल्टेज, आधीच काढलेलं होतं आणि ते बरोबर होतं:

```
E° = 0.34 − (−0.76) = 1.10 V
```

मग नर्न्स्ट. ६९ व्या मिनिटाला एक म्हणतो, "एक पॉइंट एक सहा." लगेच दुसरा, "हो, माझंपण." तिसरी, "हो, तेच." चौथा वही मिटतो.

ऑडिओत कान इथे टवकारायला हवेत. चौघांनी वेगवेगळं सोडवलं असतं तर उत्तरं थोड्या थोड्या अंतराने आली असती. कुणाचं आधी, कुणाचं अडखळत, कुणाचं "थांब, माझं वेगळं येतंय" म्हणत. दोन सेकंदांत तिघांचं तेच उत्तर आलं म्हणजे एकाने सोडवलं आणि बाकीच्यांनी त्याच्या वहीत बघितलं. वहीचे फोटो उघडले तर तिन्ही वह्यांत चुकीची ओळ अक्षरशः सारखी:

```
E = 1.10 − (0.0592/2) log(0.01/1) = 1.16 V
```

इथे अपूर्णांक उलटा आहे. अभिक्रिया Zn + Cu²⁺ → Zn²⁺ + Cu. वर उत्पादित, खाली अभिक्रियाकारक, म्हणजे Zn²⁺ वर आणि Cu²⁺ खाली. घन धातू यात येत नाहीत. बरोबर मांडणी:

```
E = 1.10 − (0.0592/2) log(1/0.01)
  = 1.10 − 0.0296 × 2
  = 1.04 V
```

पुस्तक नसतं तरी ही चूक पकडता आली असती, आणि ती पकडायची पद्धत शीटवर गणिताइतकीच महत्त्वाची. कॉपरचे आयन अभिक्रियेत खर्च होतात. ते १ M ऐवजी ०.०१ M केले, म्हणजे कच्चा माल शंभर पटीने कमी केला. मग सेलचा जोर वाढेल की कमी होईल? कमी. म्हणजे उत्तर १.१० च्या खालीच यायला हवं. १.१६ दिसल्याबरोबर शंका यायला हवी होती. आकडेमोड करण्याआधी "वर की खाली" ठरवायचं, मग गणित.

एक छोटी गोष्ट जाता जाता. ०.०५९२ हा आकडा २५ अंशाचा, म्हणजे २९८ K चा आहे. एप्रिलमधल्या सोलापुरात, ४० अंशाला, त्याच जागी साधारण ०.०६२१ येतो. गणितात तापमान दिलेलं नसेल तर २९८ K धरतात, पण तिथे दुसरं तापमान लिहिलेलं असेल तर ०.०५९२ डोळे मिटून वापरायचा नाही. शीटवर त्या आकड्याशेजारी '२५°C' एवढं लिहिलं की पुरे.

क्रम बदला

बोलण्याचा क्रम आणि समजण्याचा क्रम क्वचितच एक असतो. आमचं बोलणं सेल, चिन्हांचा वाद, ब्रिज, E°, नर्न्स्ट, पुन्हा चिन्हांचा वाद असं गेलं. शीटवर तो वाद एकाच ठिकाणी आला पाहिजे, आणि तोही ऑक्सिडीकरण कुठे होतं हे सांगितल्यावर लगेच, कारण चिन्ह त्यातूनच निघतं.

यासाठी प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू चालते. चिठ्ठी उचला आणि विचारा, हे कळायला आधी कोणती चिठ्ठी कळलेली हवी? ती वर ठेवा. आमच्या सात चिठ्ठ्यांचा क्रम असा लागला: कोण इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून अ‍ॅनोड कोण, त्याचं चिन्ह, इलेक्ट्रॉन आणि आयन कुठून जातात, E° कसं काढायचं, सांद्रता बदलली की वर की खाली, मग नर्न्स्ट. सहावी चिठ्ठी रेकॉर्डिंगमध्ये नव्हतीच. ती १.१६ च्या चुकीतून जन्माला आली. ती नर्न्स्टच्या आधी आहे हे बघा. नंतर ठेवली तर ती नुसती पडताळणी होते आणि परीक्षेच्या घाईत पडताळणी पहिली गळते.

शीट लिहिणं

एक ए-फोर कागद, दोन्ही बाजू. तीन कागद झाले की ती दुसरी वही होते आणि वही तिच्याकडे आहेच. हाताने लिहा. या धड्यात वर-खाली अंक, बाण आणि आकृत्या इतक्या आहेत की फोनवर टाइप करण्यात दुप्पट वेळ जातो आणि Zn²⁺ चा Zn2 होऊन बसतो.

संज्ञा पुस्तकातल्या तशाच ठेवा. सायन्सचं पुस्तक आणि पेपर इंग्रजीत, बोलणं मराठीत. म्हणून समजावणं मराठीत आणि नाव जसं पेपरात येईल तसं. उगाच शुद्ध मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, पेपरात ते तिला दिसणार नाहीत.

मथळ्यांऐवजी प्रश्न घाला. 'सॉल्ट ब्रिज' या मथळ्याखाली माणूस व्याख्या लिहून मोकळा होतो. 'ब्रिज काढला तर काय होईल?' लिहिलं की कारण सांगावंच लागतं. आमच्या शीटवरचा अ‍ॅनोडचा भाग असा होता:

"अ‍ॅनोड धन की ऋण? – आधी हा प्रश्न बाजूला ठेव. अ‍ॅनोड म्हणजे जिथे ऑक्सिडेशन होतं ते टोक. हे कुठल्याही सेलमध्ये बदलत नाही. चिन्ह बदलतं. सेल स्वतः वीज देत असेल (डॅनियल) तर अ‍ॅनोड ऋण. बाहेरून बॅटरी लावली असेल (इलेक्ट्रोलिसिस) तर अ‍ॅनोड धन. आम्ही यावर दोनदा भांडलो, कारण एक जण एका सेलबद्दल बोलत होता आणि दुसरी दुसऱ्या. पेपरात आधी बघ: आकृतीत बॅटरी दाखवलीय का?"

'आम्ही यावर भांडलो' हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. तिला कळतं की गोंधळ तिच्या एकटीचा नाही, आणि कुठे सावकाश जायचं तेही कळतं. पण भांडण पूर्ण उतरवू नका. कोण चुकलं ते नको, का चुकलं तेवढंच.

चुकीचं उत्तर शीटवर दाखवायचं असेल तर ते कधीही एकटं, स्वच्छ अक्षरात लिहू नका. उजळणी करताना नजर ठळक आकड्यावर जाते आणि १.१६ च लक्षात राहतो. त्यावर आडवी रेघ मारा, शेजारी एका ओळीत कारण लिहा: "अपूर्णांक उलटा, Cu²⁺ कमी केल्यावर १.१० पेक्षा जास्त येऊच शकत नाही."

गणित एक पूर्ण सोडवलेलं आणि एक तिच्यासाठी सोडलेलं, एवढंच. सोडलेल्या गणितात आकडे असे घ्या की उत्तर विरुद्ध दिशेला जाईल, नाहीतर ती वरच्या गणिताची नक्कल करते आणि तुम्हाला वाटतं समजलं. आम्ही दिलं: Zn²⁺ ०.१ M, Cu²⁺ १ M. पहिला प्रश्न, उत्तर १.१० च्या वर की खाली? दुसरा, किती? इथे उत्पादित कमी आहे, म्हणून वर जाणार. लॉग ०.१ म्हणजे −१, म्हणून १.१० + ०.०२९६, म्हणजे १.१३ V. उत्तर मागच्या बाजूला, तळाशी, उलटं लिहून.

प्रश्नाच्या कडेला रेकॉर्डिंगची वेळ लिहा, पण जिथे बोलणं खरंच चांगलं होतं तिथेच. आमच्या १०२ मिनिटांपैकी अशा दोनच जागा होत्या: ४१:०० ला एकीने ब्रिजबद्दल फार सुरेख सांगितलं आणि ७८:१५ ला अ‍ॅनोडचा वाद अखेर सुटला. तेवढे दोन तुकडे कापून वेगळे पाठवा. पूर्ण फाइल पाठवायची गरज उरत नाही, आणि फीच्या गोष्टीही ग्रुपबाहेर जात नाहीत.

वेळ किती लागतो?

पावणेदोन तासांच्या रेकॉर्डिंगला दीडपट वेगाने नकाशा सव्वा तासाच्या आत होतो. दुसरी ऐकणी फोटोंसकट पाऊण तास धरा. तपासणी अर्धा तास, लिहिणं तेवढंच किंवा थोडं जास्त. एका बैठकीत होत नाही, करूही नका. नकाशा आणि तपासणी यांच्यात एक रात्र जाऊ द्या. ताज्या कानाला सगळंच पटतं. वेळ कमी असेल तर दुसरी ऐकणी छाटा, सरळ वह्यांच्या फोटोंवरून लिहा. तपासणी मात्र छाटू नका. चुकीची शीट पाठवण्यापेक्षा पुस्तकाचं पान नंबर पाठवलेलं बरं.

पाठवणं आणि परत येणारे प्रश्न

कागदाचा फोटो खिडकीजवळ, दिवसा, वरून सरळ काढा. ट्यूबलाइटखाली तुमच्याच डोक्याची सावली पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि वरचे छोटे अंक फुटतात. Zn²⁺ मधला दोन गेला की अर्थ गेला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर मोठा करून सगळ्यांत बारीक अंक वाचता येतो का ते बघा.

पाठवल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, "हो" येईल. सोडलेलं गणित करून वहीचा फोटो मागा. आमच्याकडे उत्तर १.१३ बरोबर आलं, पण खाली एक प्रश्नही आला: "मग Cu²⁺ संपतच गेला तर सेल कधी बंद पडणार?" चौघांपैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. उत्तर नर्न्स्टमध्येच आहे: दोन सांद्रतांचं गुणोत्तर इतकं वाढावं लागतं की वजा होणारी रक्कम पूर्ण १.१० व्होल्ट होईल. १.१० भागिले ०.०२९६ म्हणजे साधारण ३७. गुणोत्तर १० च्या ३७ व्या घाताइतकं झालं की E शून्य. म्हणजे जवळजवळ सगळा Cu²⁺ संपेपर्यंत सेल चालतो. तो समतोल.

असा प्रश्न आला की त्याच दिवशी शीटच्या मागच्या रिकाम्या जागेत वेगळ्या शाईने लिहा आणि कोपऱ्यात तारीख टाका. नवीन फोटो ग्रुपवर टाकताना जुना 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. त्याला फार दिवस झाले असतील आणि तो पर्याय दिसत नसेल तर नव्या फाइलच्या नावातच तारीख घाला आणि खाली लिहा, "हीच वापरा." नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री कुणीतरी वर सरकवत जातं, जुनी फाइल सापडते आणि तीच पुढे दुसऱ्या वर्गात जाते.